आठवडाभरात

दुपारी अडीचच्या सुमारास फोन वाजला तेव्हा रूपाली एका शब्दाशी अडून बसली होती. समोर लंडनहून मागवलेलं औषधांचं जाड इंग्रजी पुस्तक उघडं होतं, शेजारी कोरा कागद. दम्याच्या एका औषधाबद्दल पेठ तालुक्यातल्या एका शिक्षकाने सकाळी विचारलं होतं, 'गरज पडेल तेव्हा म्हणजे दिवसातून किती वेळा?' पुस्तकात उत्तर सरळ होतं. मराठीत ते लिहायला गेलं की निसटत होतं. 'जास्तीत जास्त चार वेळा' लिहिलं, तर वाचणारा चार वेळा घेणारच, गरज असो वा नसो.

नाशिकच्या एका जुन्या ट्रस्टच्या दवाखान्यात मागच्या बाजूला ही खोली होती. बाहेर पाटी होती, 'औषधांविषयी शंका? विचारा.' दोन वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार एक साली, दिनेश सरांनी ती सुरू केली. सर औषधशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी रूपालीला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावल्या होत्या. इंग्रजीतलं उत्तर दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि मराठीत तयार केलेलं उत्तर आधी मीनाताईंना ऐकवायचं. मीनाताई केसपेपर काढायच्या खिडकीवर बसत. त्यांनी ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. त्या जे सांगतील तेच पेशंटला कळणार, असा सरांचा हिशोब होता. त्यात चुकलं तर वाक्य पुन्हा लिहायचं.

रूपालीने फोन उचलला.

"एक इचारायचं होतं," पुरुषाचा आवाज. दबका, आणि मागे रहदारीचा गोंगाट. "मेथोट्रेक्सेट नावाची गोळी असती. अडीच एमजीची. ती रोज तीन दिल्या तर काय होतं?"

रूपालीचा हात पेनावर थांबला. हे औषध तिला चांगलं माहीत होतं. संधिवातात ते देतात, पण आठवड्यातून एकाच दिवशी. रोज दिलं तर ते शरीरात रक्त तयार होणंच बंद पाडतं.

"कोणाला द्यायच्या आहेत?"

"द्यायच्या नाय. दिल्या तर, असं इचारतोय."

"पेशंट कोण? वय किती?"

"ते तुम्हाला कशाला पायजे? माणूस दगावतो का, एवढं सांगा."

रूपालीने सरांकडे पाहिलं. ते खिडकीपाशी चष्मा कपाळावर चढवून वाचत होते. असे फोन वर्षाकाठी एखाद-दुसरे येत. उंदराच्या औषधाबद्दल, झोपेच्या गोळ्यांबद्दल. सरांचा नियम होता, किती घेतलं की माणूस मरतो हे कोणालाही सांगायचं नाही. पण फोनही ठेवू द्यायचा नाही.

"हे बघा," ती सावकाश म्हणाली, "ही गोळी रोज घ्यायचीच नसते. कोणी घेत असेल तर आजच्या आज थांबवा आणि त्यांना घेऊन या. तुम्ही कुठून बोलताय?"

मग तो म्हणाला, "म्हंजे इषच झालं."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"तुमचं नाव काय? पोलिसात सांगावं लागलं तर तुमचं नाव सांगितलं तर चालंल ना?"

फोन ठेवला गेला. आधी रूपालीला वाटलं, हा कोणाला तरी मारायला निघालाय आणि माप विचारतोय. आता वाटलं, हा कोणाला तरी अडकवायला निघालाय आणि साक्षीदार शोधतोय. यातलं कोणतं बरं, हे तिला ठरवता येईना. तिने सरांना सगळं सांगितलं.

"पेशंट आहे, हे नक्की," सर म्हणाले. "नुसतं कुतूहल असणारा माणूस अडीचची गोळी म्हणत नाही. त्याने गोळ्यांची पट्टी हातात धरून वाचलंय." त्यांनी पुस्तक स्वतःकडे ओढलं. "तो परत फोन करेल. तोपर्यंत विषबाधेचं पान काढून ठेव. आणि दुसरीकडेही बघ."

दुसरीकडे म्हणजे इंटरनेट. फोनचीच वायर काढून कॉम्प्युटरला जोडावी लागे, आणि तेवढा वेळ फोन बंद. रूपालीने ते टाळलं. कपाटातून अमेरिकेतलं एक जुनं पुस्तक काढून तिने तेच प्रकरण उघडलं. दोन्हीकडे एकच इशारा काळ्या ठळक अक्षरांत होता. आठवड्याचा डोस चुकून रोज घेतल्याने माणसं मेलेली आहेत.

दहा मिनिटांत दारात माणूस उभा राहिला. चाळिशीचा, ओझरच्या विमान कारखान्याचा निळा शर्ट घातलेला. रूपालीने आवाजावरून ओळखलं. तो समोरच्याच बूथवरून बोलत होता, आणि एवढा वेळ रस्त्यापलीकडून या दाराकडे बघत असणार, हे तिच्या लक्षात आलं. तिला ते आवडलं नाही.

"मघाशी मीच बोललो," तो म्हणाला. खिशातून गोळ्यांची कापलेली पट्टी काढून त्याने टेबलावर ठेवली. तीन पिवळ्या गोळ्या उरल्या होत्या. "तुम्ही फोनवर जे बोलला ते मराठीत लिहून द्या. शिक्का मारून."

"बसा," सर म्हणाले. "नाव?"

त्याने सरांकडे, मग रूपालीकडे, मग उघड्या दाराकडे पाहिलं. शेवटी बसला. त्याचं नाव वाल्मीक. घरचा मळा मखमलाबादला, झेंडू आणि गुलाबाचा. तिथे त्याची आई चिमणाबाई, थोरला भाऊ देवराम आणि भावजय सविता. तो स्वतः ओझरला क्वार्टरमध्ये राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी मळ्यावर यायचा. आईची बोटं सांध्यांत सुजून वाकडी झाली होती; तिला हार ओवता येईनात, भाकरी थापता येईना. त्यानेच तिला शहरातल्या हाडांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरांनी दोन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. चोवीस.

"आणि काल मळ्यावर गेलो तर तीन शिल्लक," वाल्मीक म्हणाला. "दोन महिन्याचं औषध आठवड्यात संपलं. आई अंथरुणाला खिळलेली. तोंड आलंय, पाण्याचा घोट गिळवत नाय. अंगात ताप. दंडावर काळेनिळे डाग, कोणी चिमटे घेतल्यावाणी."

रूपाली आणि सरांची नजरानजर झाली.

"आई आत्ता कुठे आहेत?"

"घरी. वहिनीला आईच्या खोलीत जायला बंदी केलीय मी. देवरामला दारात बसवलंय."

"दवाखान्यात का नाही आणलं?"

"आधी वहिनी कबूल होऊ द्या. एकदा आई इथं आली की म्हणतील, म्हातारी व्हती, आजारी व्हती. मग कोण इचारतंय?" त्याने टेबलावर बोट टेकवलं. "आईनं गेल्या महिन्यात सांगितलं, इहिरीकडचा तुकडा वाल्मीकचा. तवापासून वहिनी धड बोलत नाय. आणि गोळ्या तीच देत व्हती. तिच्याच हातानं. तुम्ही लिहून द्या की रोज दिली तर माणूस मरतो. बाकीचं मी बघतो."

रूपालीला त्या माणसाची भीती वाटत होती आणि रागही येत होता. एक म्हातारी बाई तापाने फणफणलेली, आणि हा शिक्क्याचा कागद मागत बसलाय. पण तो म्हणतोय तसं खरंच असेल तर? मुद्दाम द्यायचं ठरवलं, तर याहून सोपं काय होतं? डॉक्टरनेच लिहिलेली गोळी, फक्त रोज.

"लिहून देते," ती म्हणाली. सरांनी भुवई उंचावली. "पण त्याआधी मला एक सांगा. सविताबाईंना गोळ्या कशा द्यायच्या ते कोणी सांगितलं?"

"मी. मीच सांगितलं. डॉक्टरकडून आईला मी रिक्षात बसवून दिलं आन् ड्युटीला गेलो. संध्याकाळी वहिनीनं शेजारून क्वार्टरवर फोन केला, गोळ्या कशा द्यायच्या म्हणून. कागद माझ्यापाशी व्हता. इंग्रजीत."

"काय लिहिलं होतं?"

"वन्स अ वीक. मला तेवढं इंग्रजी येतं मॅडम, रोज मशिनवरचं वाचतो."

"आणि तुम्ही वहिनींना काय सांगितलं? अर्थ नको. फोनवर जे शब्द बोललात तेच शब्द सांगा."

त्याला हा प्रश्न विचित्र वाटला असावा. तो थोडा वेळ तिच्याकडे संशयाने बघत राहिला. मग म्हणाला, "तीन गोळ्या जेवल्यावर, आठवडाभरात एकदा."

"पुन्हा सांगा. फोनवर बोलता तसं. भरभर."

"तीन गोळ्या जेवल्यावर, आठवडाभरात एकदा."

दुसऱ्यांदा बोलताना तो 'त' जवळजवळ ऐकूच आला नाही. रूपाली उठली आणि मीनाताईंना खिडकीवरून बोलावून आणलं. त्यांना काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "हे काय सांगतायत ते ऐका, आणि गोळी कशी द्यायची ते मला सांगा."

वाल्मीक वैतागला, पण त्याने तिसऱ्यांदा ते वाक्य म्हटलं.

"तीन गोळ्या, जेवल्यावर, दिवसातनं एकदा," मीनाताई म्हणाल्या. "आठवडाभर. मग बंद."

पंख्याने कागदाचा कोपरा उडत होता, सरांनी त्यावर गोळ्यांची पट्टी ठेवली.

"मी 'आठवडाभरात' म्हणलो," वाल्मीक म्हणाला.

"मला 'आठवडाभर' असं आलं ऐकायला," मीनाताई म्हणाल्या.

"रोज तीन, आठवडाभर," सर हळूच म्हणाले. "सात दिवसांच्या एकवीस. चोवीसमधून एकवीस गेल्या, तीन राहिल्या. वाल्मीकराव, एखादी बाई मारायलाच निघाली असती, तर तीन गोळ्या शिल्लक ठेवून थांबली नसती."

वाल्मीकच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण त्याने लगेच मान्य केलं नाही. "तिला कळायला पायजे व्हतं. तिनं मुद्दाम तसं ऐकलं असंल. शिकलेली हाय ती, दहावीपर्यंत."

"तिला नंतर विचारा," रूपाली म्हणाली. "आत्ता आईंना आणायचंय. शेजारचा नंबर द्या."

तो नंबर देताना त्याने दोनदा विचारलं, "तुम्ही तिला काय सांगणार?"

शेजाऱ्यांनी सविताला बोलावून आणायला वेळ लावला. आवाज आला तो रडून रडून बसलेला, पण ताठ.

"कोण बोलतंय?"

"मी दवाखान्यातून रूपाली बोलतेय. चिमणाबाईंच्या औषधाबद्दल विचारायचं होतं."

"भावजींनी लावलाय का फोन? त्यांनी तुम्हाला काय सांगितलं?" सविता म्हणाली. "माझ्याकडून बोलून घेऊन कागदावर लिहायचं असंल तर मी काही बोलनार नाय."

"काही लिहीत नाही. मला फक्त त्यांना वाचवायचंय. गोळ्या तुम्ही कशा दिल्या ते तुमच्या शब्दांत सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

"पिवळी गोळी. तीन. रातच्याला जेवल्यावर. रोज. आठवडाभर. सांगितलं व्हतं तशीच. पाचव्या दिवशी आत्याबाईंचं तोंड यायला लागलं तर मी म्हनलं, बंद करू का? तर त्याच म्हनल्या, वाल्मीकनं आठवडा सांगितलाय, पुरा करू. हात बरा वाटतोय. मग मी... मी भावजींना फोन केला व्हता. ते ड्युटीवर व्हते."

"दुखण्याची दुसरी कोणती गोळी चालू आहे?"

"दुकानातली. पांढरी. दिवसातून दोन."

"ती अजिबात देऊ नका. पिवळी तर नाहीच नाही. तोंडाने आता कुठलंच औषध नको. देवरामभाऊंना म्हणावं रिक्षा आणा, आणि आईंना ताबडतोब घेऊन या. तुम्हीही या. दिलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या असतील तर आणा. आता मी काय सांगितलं ते मला परत सांगा."

सविताने परत सांगितलं. प्रत्येक शब्द बरोबर होता. मग म्हणाली, "मला खोलीत जाऊ देत नायत."

रूपालीने रिसीव्हर वाल्मीककडे केला. त्याने तो कानाला लावला आणि म्हणाला, "देवरामला म्हनावं, दार सोड. आईला घेऊन या."

तासाभरात चिमणाबाई आल्या. रिक्षातून उतरवताना देवरामने त्यांना लहान पोरासारखं उचललं होतं. ओठ सुजून पांढरे पडलेले, हिरड्यांतून रक्त. सविता मागे चालत होती. डोक्यावरून पदर, हात पोटाशी धरलेले, कोणाला स्पर्श होणार नाही अशी. वाल्मीक पायऱ्यांवर उभा होता. दोघं एकमेकांकडे न बघता आत गेले.

वॉर्डाचे डॉक्टर अमित तरुण होते, पण घाईचे नव्हते. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि रूपालीला बोलावलं. पांढऱ्या पेशी खाली आल्या होत्या, प्लेटलेट्सही. किडनीचं काम मंदावलेलं. पेनकिलरने ते आणखी बिघडवलं असणार, कारण औषध शरीराबाहेर पडायची वाटच त्या पांढऱ्या गोळीने अडवली होती.

"ल्युकोव्होरिन हवं," ते म्हणाले. "लगेच. मिळेल?"

"बघते."

ल्युकोव्होरिन हा त्या पिवळ्या गोळीवरचा उतारा. त्यालाच फोलिनिक ॲसिड म्हणतात. रूपालीने शहरातल्या मोठ्या दुकानांना फोन लावले. पहिल्याने 'नाही' म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, "आहे की. फॉलिक ॲसिड, पाच मिलिग्रॅम, पाहिजे तेवढं."

"फॉलिक नाही. फोलिनिक. ल्युकोव्होरिन. इंजेक्शन."

"तेच ते, मॅडम. कंपनी वेगळी."

"तेच ते नाही," रूपाली म्हणाली. "फॉलिक जिथे अडतं तिथे हे चालतं. तुम्ही बॉक्सवरची अक्षरं वाचून दाखवा." त्याने वाचून दाखवली. ती फॉलिकचीच होती. तिने आभार मानून फोन ठेवला. हा माणूस वॉर्डातल्या कोणा नातेवाइकाला तो डबा देऊन मोकळा झाला असता, आणि सगळ्यांना वाटलं असतं औषध सुरू झालं. चौथ्या फोनला, कॅन्सरचे पेशंट येतात त्या एका दुकानात, कुप्या सापडल्या. देवराम दवाखान्यातल्या शिपायाच्या स्कूटरवर मागे बसून त्या आणायला गेला. जाताना त्याच्या हातावर रूपालीने औषधाचं नाव मराठीत आणि इंग्रजीत लिहून दिलं, आणि म्हणाली, "दुकानदाराने दुसरं काही दिलं, चालेल म्हणाला, तरी घेऊ नका. मला फोन करा."

डोस डॉक्टर अमितनी ठरवला, वजन, उंची आणि रक्तातल्या आकड्यांवरून. सर शेजारी उभं राहून पुस्तकातून पडताळत होते. ठरलं ते असं: दर सहा तासांनी. रूपालीने ते नर्सच्या चार्टवर लिहिलेलं पाहिलं आणि बाहेर घरच्यांना समजावायला गेली.

"इंजेक्शन दर सहा तासांनी मिळेल," ती म्हणाली. "दिवसातून चार वेळा म्हणत नाहीये मी. दिवसातून चार म्हटलं की माणसं सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र धरतात. हे घड्याळावर आहे. रात्रीही."

देवरामने मान हलवली. वाल्मीक म्हणाला, "लिहून द्या." मग त्यालाच काहीतरी वाटलं असावं, तो म्हणाला, "नको. सांगितलं तेवढं पुरे."

सविता भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "भावजी, मला तुम्ही 'भर' म्हणलात."

"मी 'भरात' म्हणलो."

"मी ऐकलं ते सांगितलं."

"मी बोललो ते सांगतोय."

दोघंही मोठ्याने बोलत नव्हते. देवराम उठून पाण्याच्या नळाकडे गेला. रूपालीला वाटलं, आपण काहीतरी बोलावं, की तो शब्दच तसा आहे, एक अक्षर गेलं की अर्थ उलटतो, यात कोणाचा दोष नाही. पण ते खरं होतं का, हे तिला कुठे ठाऊक होतं? फोनच्या तारेत काय झालं ते त्या दोघांखेरीज कोणी ऐकलेलं नव्हतं, आणि त्या दोघांनाही आता आपलंच ऐकू येत होतं.

चिमणाबाई वाचल्या. पेशी वर यायला वेळ लागला, ताप उतरायला त्याहून जास्त. पहिले काही दिवस नुसतं ताक आणि पेज. पंधरवड्याने त्या घरी गेल्या. जाताना डॉक्टर अमितनी सांगितलं की ही गोळी त्यांना पुन्हा कधीच नको, संधिवातासाठी दुसरी बघू. त्या दिवशी वाल्मीक एकटाच औषध-माहितीच्या खोलीत आला. बसला नाही.

"तो कागद," तो म्हणाला, "मी मागितला व्हता तो. लिहिला नाय ना तुम्ही?"

"नाही."

"बरं केलं." थोडा वेळ तो उंबऱ्याशी रेंगाळला. "इहिरीकडचा तुकडा देवरामच्या नावावर करायचं ठरलंय. मीच सांगितलं आईला."

"वहिनींशी बोललात?"

"बोलतो की. चहा घेऊन जा, असं म्हणते ती. मी घेतो." तो गेला. तिला कळेना, त्याने तुकडा पश्चात्तापाने सोडला की या सगळ्यातून एकदाचं मोकळं व्हायला.

रूपालीने त्या आठवड्यात खोलीतल्या सगळ्या छापील उत्तरांमधून 'आठवडाभरात' हा शब्द काढून टाकला. 'आठवड्याला'ही काढला. त्या जागी तिने लिहायला सुरुवात केली: 'सात दिवसांतून एकाच दिवशी, फक्त रविवारी. सोमवार ते शनिवार ही गोळी घ्यायची नाही.' वाक्य लांबत होतं. दिनेश सरांनी वाचून म्हटलं, "इंग्रजीत दोन शब्द, मराठीत दोन ओळी."

"हो," ती म्हणाली. "मग?"

"मग काही नाही. मीनाला ऐकव."

दिवाळीनंतर एका दुपारी मखमलाबादहून फोन आला. सविता होती. चिमणाबाईंना डॉक्टरांनी नवीन गोळी दिली होती, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, दोनशेची. ही मात्र रोजची होती.

"कागदावर काय लिहिलंय ते वाचा," रूपाली म्हणाली.

सविताने एकेक इंग्रजी अक्षर वाचून दाखवलं. रूपालीने पुस्तक उघडून वजनावरून डोस पडताळला, शंका नको म्हणून डॉक्टर अमितना आतल्या फोनवर विचारून घेतलं, आणि मग परत आली.

"बरोबर आहे. रोज एक गोळी. दर दिवशी, न चुकता, जेवणाबरोबर. आणि डोळे तपासून घ्यायचेत, ते डॉक्टरांनी सांगितलं असेल."

"सांगितलंय. पन मला नका सांगू." पलीकडे रिसीव्हर कुठेतरी ठेवल्याचा, पुन्हा उचलल्याचा आवाज आला. "आत्याबाईंना सांगा. मी फोन देते. मी मधे नाय पडनार आता."

चिमणाबाईंचा आवाज बारीक होता. "बोला, बाई."

"ही गोळी रोज एक घ्यायची आहे. जेवणाबरोबर."

"रोज?"

"रोज. दर दिवशी एक."

"रोज म्हणजे रोजच ना? नक्की ना? मागं पन रोजच व्हती." त्या थांबल्या, आणि आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "ही इथंच उभी हाय. तिनं तुम्हाला आधी काय सांगितलं?"

"तिने फक्त चिठ्ठी वाचून दाखवली. बाकीचं मी डॉक्टरांना विचारून तुम्हाला सांगतेय."

मागे कुठेतरी फुलांचे क्रेट उतरवल्याचा आवाज येत होता.

"परत एकदा सांगा," त्या म्हणाल्या. "हळू."

रूपालीने परत एकदा सांगितलं. हळू.